साखर कारखान्याची मळी, भुसा आणि भंगार : विक्रीचे पैसे खर्चातून वजा की इतर उत्पन्न?

पूर्णा, परभणी आणि वसमत भागातील अनेक शेतकरी बंधू येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर ऊस घेतात. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांचे बरेच जण सभासद आहेत. वार्षिक सभेच्या आधी अहवाल हाती येतो, तेव्हा एका पानावर साखरेचा उत्पादन खर्च दिलेला असतो आणि दुसऱ्या पानावर मळी, भुसा व भंगार विक्रीची रक्कम. ही रक्कम उत्पादन खर्चातून वजा केलेली आहे की उत्पन्नात वेगळी दाखविली आहे, हे पाहिल्याशिवाय त्या खर्चाच्या आकड्याला अर्थ नाही. ते कसे पाहावे, ते या लेखात एका उदाहरणाने समजावून घेऊ.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

उसाबरोबर आपोआप तयार होतात ते उपपदार्थ. एक टन ऊस गाळला की साधारणपणे 280 ते 300 किलो भुसा (बगॅस), 40 किलोच्या आसपास मळी आणि 30 ते 40 किलो प्रेसमड निघते. भुशाचा मोठा भाग कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो. उरतो तेवढाच विकता येतो.

भंगाराचे तसे नाही. दुरुस्तीत निघालेले लोखंड, पितळेचे तुकडे, फाटके पट्टे, रिकामे बारदान हे रोजच्या कामातून निघणारे भंगार होय. मात्र जुनी गिरण किंवा बॉयलर मोडून विकला, तर ती मालमत्तेची विक्री होते. समजा जुन्या यंत्राची पुस्तकी किंमत 6 लाख रुपये होती आणि ते 10 लाखांना गेले. यातील नफा 4 लाख रुपयांचा, आणि तो इतर उत्पन्नातच दाखवावा लागतो. तो साखरेच्या खर्चातून वजा केला तर यंदा खर्च उगीच कमी दिसेल आणि पुढच्या वर्षी विकायला यंत्र नसल्याने तो वाढल्यासारखा वाटेल. कंपनी कायद्याच्या नमुन्यात रोजच्या भंगाराची विक्री 'इतर व्यावसायिक उत्पन्न' म्हणून आणि मालमत्ता विक्रीचा नफा 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवितात, त्याचे कारण हेच.

उदाहरण

पुढील आकडे कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते घेतले आहेत. एका कारखान्याने एक लाख टन ऊस गाळला व उतारा 10.25 टक्के पडला. म्हणजे साखर झाली 1,02,500 क्विंटल. उसाचे 34 कोटी आणि प्रक्रियेचे 7 कोटी मिळून एकूण खर्च 41 कोटी रुपये झाला. मळी 4,000 टन, दर 7,000 रुपये. उरलेला भुसा 5,000 टन, दर 2,200 रुपये. प्रेसमड 4,000 टन, दर 500 रुपये. तिन्हींचे मिळून 4 कोटी 10 लाख रुपये आले.

पहिल्या पद्धतीत ही रक्कम उत्पन्नात दाखविली, तर साखरेचा खर्च क्विंटलला 4,000 रुपये येतो. दुसऱ्या पद्धतीत ती खर्चातून वजा केली, तर तोच खर्च 3,600 रुपये येतो. कारखाना तोच, ऊस तोच, फरक मात्र 400 रुपयांचा.

साखर 3,800 रुपये दराने सगळी विकली गेली तर विक्री 38 कोटी 95 लाखांची होते. दोन्ही पद्धतींनी नफा 2 कोटी 5 लाखच निघतो. मग पद्धतीने काय बिघडते? बिघडते ते साखर गोदामात शिल्लक राहिली तर.

शिल्लक साखरेचा प्रश्न

31 मार्चला 50,000 क्विंटल साखर शिल्लक आहे असे धरा. शिल्लक माल उत्पादन खर्च किंवा बाजारात मिळणारी निव्वळ किंमत यांपैकी जी कमी असेल, तिने मांडायचा हा नियम आहे. पहिल्या पद्धतीत खर्च 4,000 आणि बाजारभाव 3,800, म्हणून साखर 3,800 ने मांडली जाते. नफा 2 कोटी 5 लाख दिसतो. म्हणजे जवळजवळ निम्मी साखर विकायची असताना सगळा नफा आधीच धरला गेला. दुसऱ्या पद्धतीत शिल्लक साखर 3,600 ने मांडली जाते आणि नफा 1 कोटी 5 लाख दिसतो. उरलेला एक कोटी साखर विकल्यावर पुढील वर्षी येतो.

उपपदार्थांची किंमत मुख्य मालाच्या मानाने थोडी असेल, तर लेखा मानक क्रमांक 2 नुसार ती निव्वळ विक्री किमतीने मोजून मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात. म्हणून वरच्या उदाहरणात दुसरी पद्धत योग्य ठरते. मात्र 'बी-हेवी' मळी इथेनॉलसाठी काढली, तर साखर कमी होते व मळीची किंमत वाढते. तेव्हा ती किरकोळ उपपदार्थ राहत नाही, आणि एकूण खर्च दोन मालांत वाटून घ्यावा लागतो.

उसाच्या दराशी संबंध

ऊस नियंत्रण आदेश, 1966 मध्ये रास्त व किफायतशीर दर ठरविताना मळी, भुसा व प्रेसमड यांच्या विक्रीचे उत्पन्न किंवा त्यांचे गृहीत मूल्य विचारात घ्यावे असे म्हटले आहे. 2012 मध्ये रंगराजन समितीने साखर व उपपदार्थांच्या मूल्याच्या 70 टक्के किंवा नुसत्या साखरेच्या 75 टक्के वाटा उसाला द्यावा असे सुचविले. महाराष्ट्राने 2013 च्या कायद्याने हे वाटपाचे तत्त्व स्वीकारले.

आपल्या उदाहरणात साखर व उपपदार्थ मिळून 43 कोटी 5 लाख होतात. त्याचे 70 टक्के म्हणजे टनाला सुमारे 3,013 रुपये. 2024-25 हंगामाचा रास्त दर 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3,400 रुपये होता. वाटा त्याहून कमी पडल्याने रास्त दरच द्यावा लागतो. साखर क्विंटलला सुमारे 4,340 रुपयांच्या वर गेली तरच जादा रक्कम निघेल. पण तशी वेळ आली की मळीचा दर महत्त्वाचा ठरतो. कारखान्याने आपल्याच डिस्टिलरीला दिलेली मळी 7,000 ऐवजी 4,000 रुपयांनी मांडली, तर 1 कोटी 20 लाख हिशेबातून कमी होतात आणि 70 टक्क्यांनी टनामागे 84 रुपयांचा फरक पडतो. ही रक्कम खर्चातून वजा केली होती की उत्पन्नात दाखविली होती, याने येथे काही बदलत नाही. फरक पडतो तो कोणत्या दराने मोजली, त्याने.

अहवाल हाती आल्यावर

प्रथम उत्पादन खर्चाच्या तक्त्यात 'वजा : उपपदार्थ' ही ओळ आहे का ते पाहा. गेल्या वर्षी तीच पद्धत होती का, हे शेजारच्या रकान्यावरून कळेल. पद्धत बदललेली असेल, तर दोन वर्षांच्या खर्चाची तुलना करू नका. मळीची रक्कम टनांनी भागून दर काढा आणि त्या हंगामात बाहेर विकलेल्या मळीच्या दराशी ताडून पाहा. शेवटी, गाळलेल्या उसाच्या चार टक्क्यांपेक्षा मळी बरीच कमी दिसत असेल, तर सभेत तिचे उत्पादन, वापर, विक्री आणि शिल्लक हे चार आकडे वेगवेगळे मागा. पहिल्या आकड्यातून दुसरा व तिसरा वजा केल्यावर चौथा जुळला पाहिजे. आरंभीची शिल्लक असल्यास ती पहिल्या आकड्यात मिळवून घ्यावी.