धानातले तपकिरी चट्टे: औषध सांगण्याआधी

ऑक्टोबरात पूर्व विदर्भातल्या कृषी सहायकांच्या मोबाईलवर असा एखादा फोटो येतोच. हिरव्या धानाच्या बांधीत मधेच तपकिरी, वाळलेला गोल चट्टा. सोबत प्रश्न नाही, गावाचं नाव नाही. अशा वेळी औषधाचं नाव सांगून मोकळं होण्याचा मोह आवरायला हवा.

पहिली विचारपूस साधी: भाऊ, तुम्हाला नेमकं काय हवंय? रोग ओळखायचाय, पीक वाचवायचंय, की नुकसान नोंदवायचंय? मग धान हलकं की जड, निसवून किती दिवस झाले आणि चट्टा आठवडाभरापूर्वी केवढा होता. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके दिसले, तर जस्ताच्या कमतरतेची शंका येते. निसवल्यावर बांधीच्या मधे गोल चट्टा पडून तो रोज पसरत असेल, तर संशय तपकिरी तुडतुड्यांवर जातो.

संशयाची खात्री मात्र वरून काढलेल्या फोटोवरून होत नाही. तुडतुडे चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतात. म्हणून शेतकऱ्याला पुन्हा बांधीत उतरायला सांगावं लागतं. मेलेल्या चट्ट्यात बघून उपयोग नाही, किडे पुढे सरकलेले असतात. चट्ट्याच्या कडेला, अजून हिरव्या असलेल्या चुडांपाशी जायचं, चूड वाकवून बुडावर थाप मारायची आणि पाण्यावर किती तुडतुडे पडतात ते मोजायचं. असे वेगवेगळ्या ठिकाणचे दहा-वीस चूड तपासायचे. चुडामागे सरासरी दहाच्या आसपास निघाले, तर उपाय करायची वेळ आली. एकही निघाला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: आतापर्यंत काय फवारलं आणि युरिया किती टाकला? जास्त नत्राने धान लुसलुशीत होतं आणि तुडतुडे वाढतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मरतात. मग फवारणीनंतर तुडतुडे उलट फोफावतात. हे न विचारता तेच औषध पुन्हा सांगितलं, तर चट्टा सल्ल्यामुळेच वाढेल.

बांधीत पाणी साचलंय का, ते काढता येतं का, हेही विचारावं. तीन-चार दिवस पाणी काढलं तर बुडाशी हवा खेळते आणि किडीला प्रतिकूल होतं. फवारणी करायचीच तर नोझल बुडाकडे हवं, पानांवरून मारलेलं औषध किडीपर्यंत पोचत नाही. शेवटी, कापणीला किती दिवस उरलेत? धान पिकत आलं असेल, तर फवारणीपेक्षा कापणी शहाणपणाची. लेबलवरचा प्रतीक्षा कालावधीही पाळायलाच हवा.

शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा चुडाच्या बुडाचा एक आणि फवारलेल्या औषधाच्या लेबलचा एक जरूर जोडा, आणि रोवणीची तारीख लिहा.