‘हा भाग वाढवा’

पीएच.डी. करणाऱ्या कोणाचाही मसुदा उघडा, समासात कुठे ना कुठे ‘हा भाग वाढवा’ असा शेरा सापडतोच. किती वाढवायचा आणि कशाने, हे त्यात लिहिलेलं नसतं. गाइडला विचारायला जावं, तर ‘एवढंही कळत नाही का?’ ऐकावं लागेल ही धास्ती. मग विद्यार्थी पानं भरायला लागतो.

उदाहरणादाखल भूजलावरचा एक प्रबंध घेऊ. दख्खनच्या पठारावरचा बागायती तालुका, ऊस आणि कांद्याची शेती, आणि प्रश्न विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटचा. पिकाने न घेतलेलं युरियातलं नत्र पावसाबरोबर आणि पाटाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं, कातळावरच्या झिजलेल्या मुरुमातून विहिरीत उतरतं. गोठ्यातलं आणि संडासाच्या खड्ड्यातलं पाणीही त्याच वाटेने येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असेल, तर वरच्या दुधाची बाटली त्या पाण्याने बनवली जाते अशा तान्ह्या बाळांना सर्वांत मोठा धोका. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

या प्रबंधात ‘पद्धती’ या मथळ्याखाली तीनच वाक्यं होती. तालुक्यातल्या ४८ विहिरी यादृच्छिक पद्धतीने निवडल्या. ऑक्टोबर महिन्यात पाण्याचे नमुने घेतले. प्रमाणित पद्धतीने प्रयोगशाळेत पृथक्करण केलं. शेजारी गाइडचा शेरा.

सोपी वाट कोणती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाण्याचं महत्त्व एक पान, नत्रचक्र दोन पानं, ‘नमुना म्हणजे काय’ याच्या चार व्याख्या. प्रकरण जाड होतं आणि परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. वर उचलेगिरीचा धोका असतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांच्या पुढे गेलं की प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकातून उतरवलेलं नत्रचक्र त्या तपासणीत लगेच सापडतं.

आपल्या विद्यार्थिनीने दुसरी वाट धरली. तिने तिन्ही वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवली आणि बाहेरगावचा परीक्षक प्रत्येक वाक्याखाली काय विचारेल, ते लिहिलं. यादृच्छिक म्हणजे कसं? चिठ्ठ्या टाकल्या का? नमुना घेतल्यापासून तपासेपर्यंत किती वेळ गेला? आकडे बरोबर आहेत, हे कशावरून? गाइडला पाठवलेलं तिचं उत्तर या प्रश्नांतूनच तयार झालं. त्यातला मुख्य भाग असा:

‘आदरणीय सर, पद्धतीचा भाग वाढवताना तीन गोष्टी लक्षात आल्या. ४८ पैकी ४१ विहिरी डांबरी रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मी मोटारसायकलवरून फिरत होते आणि जिथे मालक भेटला तिथला नमुना घेतला, त्यामुळे निवड यादृच्छिक म्हणता येणार नाही. ते विधान काढून निवड प्रत्यक्ष कशी केली ते लिहिलं आहे, नकाशाही जोडला आहे. दुसरं, पाच नमुने सुट्ट्यांमुळे चौथ्या दिवशी तपासले गेले. त्यांचं नायट्रेट हिशेबात धरलेलं नाही. तिसरं, सर्व नमुन्यांचा आयन-ताळा घातला आहे. त्यात एका विहिरीची चूक सापडली, ती दुरुस्त केली. नत्रचक्र वाढवलेलं नाही, ते दुसऱ्या प्रकरणात आहे.’

पहिला मुद्दा दिसतो तेवढा किरकोळ नाही. रस्त्यालगत वस्ती असते, गोठे असतात, खतं वाहून नेणं सोपं असतं. तिथल्या विहिरी आत शिवारातल्या विहिरींपेक्षा जास्त बिघडलेल्या असण्याची शक्यता असते. त्यामुळे मूळ मसुद्यातलं ‘तालुक्यातल्या ४० टक्के विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर’ हे विधान टिकत नाही. ४८ पैकी १९, म्हणून ते ४० टक्के आले होते. आता ते ‘तपासलेल्या ४३ विहिरींपैकी १६’ असं झालं आणि तालुक्याचं नाव त्यातून गळलं. म्हणजे भाग वाढला आणि निष्कर्ष आखूड झाला. गाइडला हेच हवं होतं की नाही, कोण जाणे. पण परीक्षकाला हेच हवं असतं.

पाच नमुने का वगळले? बाटलीतलं पाणी मेलेलं नसतं. त्यातले जिवाणू नायट्रेट खातात, किंवा पाण्यात अमोनिया असेल तर त्याचं नायट्रेट करतात. म्हणून नमुना बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास ठेवायचा आणि ४८ तासांच्या आत तपासायचा, असा प्रयोगशाळांचा दंडक आहे. चौथ्या दिवशी मिळालेला आकडा विहिरीचा की बाटलीचा, हे सांगता येत नाही. त्या पाचांपैकी तिघांचे आकडे मर्यादेबाहेर होते. ते ठेवले असते तर प्रबंध जास्त ठसठशीत दिसला असता. मोह तिथेच असतो.

आयन-ताळा हा दुकानदाराच्या जमाखर्चासारखा आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांतला धन भार आणि ऋण भार सारखाच असला पाहिजे, नाहीतर विहिरीत हात घालताच शॉक बसला असता! कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला. बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला. मिलिग्रॅमचे आकडे प्रत्येकाच्या समतुल्य भाराने भागून एका एककात आणायचे आणि बेरजा करायच्या. एका विहिरीत धन बाजू १०.०५ आली, ऋण बाजू ९.५०. फरक ०.५५, दोन्ही बाजूंची बेरीज १९.५५, म्हणजे तफावत २.८ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असल्यामुळे हे पृथक्करण चालतं.

दुसऱ्या एका विहिरीत मात्र १२.४ विरुद्ध ९.६ आलं, तफावत जवळपास १३ टक्के. विद्यार्थिनी प्रयोगशाळेची वही काढून बसली. क्लोराइड जास्त वाटल्यामुळे तो नमुना चौपट पातळ करून तपासला होता, पण आलेला आकडा चारने गुणायचा राहून गेला होता. ३५.५ च्या जागी १४२ मिलिग्रॅम धरल्यावर ऋण बाजू १२.६ झाली आणि ताळा जमला. ही निव्वळ आकडेमोड नव्हती. नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलेलं असेल तर संशय गोठ्यावर आणि सांडपाण्यावर जातो. एकटं नायट्रेट चढलेलं असेल तर खताकडे. ती विहीर मसुद्यात खताच्या यादीत होती. आता ती दुसऱ्या यादीत गेली.

ताळा जमला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बाटलीत कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसला, तर दोन्ही बाजू सारख्याच घटतात आणि ताळा बिनबोभाट जमतो. म्हणून तिने बायकार्बोनेट विहिरीवरच मोजलं की प्रयोगशाळेत, हेही लिहिलं. प्रयोगशाळेत मोजलं होतं. ती मर्यादा एका वाक्यात नोंदवून ती पुढे गेली.

शेवटी तीन वाक्यांची साडेतीन पानं झाली, त्यातलं एक पान नकाशाचं. व्याख्या एकही नाही.

गाइड मंडळींना एक विनंती. समासात ‘वाढवा’ लिहिण्याऐवजी ‘विहिरी कशा निवडल्या?’ एवढंच लिहिलं, तर विद्यार्थ्याचे कित्येक दिवस वाचतील. आणि तसं लिहिलेलं नसेल, तर विद्यार्थ्यांनी पानं भरण्याआधी चहाच्या वेळी जाऊन सरळ विचारावं, ‘सर, तुम्हाला इथे नेमकं काय खटकलं?’