निवत्या चहाचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या असाइनमेंटमध्ये हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतो. खोलीचं तापमान २८ अंश सेल्सिअस आहे. कपातला चहा ८८ अंशांवर होता, दहा मिनिटांनी ६४ वर आला. तो ५० अंशांवर यायला आणखी किती वेळ लागेल? खाली एक छोटी ओळ असते : उत्तराचा अर्थ लावा. बहुतेक वह्यांत गणित दीड पान भरतं आणि अर्थ अर्ध्या ओळीत उरकतो.

पहिला मोह त्रैराशिकाचा होतो. दहा मिनिटांत २४ अंश उतरले, तर उरलेल्या १४ अंशांना जेमतेम सहा मिनिटं. पण चहा एका चालीनं निवत नाही. आधी भराभर उतरतो, मग रेंगाळतो. न्यूटननं १७०१ साली मांडलेला नियम हेच सांगतो : वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानात जितका फरक, तितका निवण्याचा वेग. अवकल समीकरणात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत डिफरेन्शियल इक्वेशनमध्ये, ते असं दिसतं :

dT/dt = -k(T - 28)

डावी बाजू म्हणजे दर मिनिटाला तापमान किती बदलतं. उणे चिन्ह ते उतरतंय हे सांगतं. तापमानाचा भाग एकीकडे, वेळेचा दुसरीकडे नेऊन इंटिग्रेशन केलं, की सुरुवातीचा ६० अंशांचा फरक घालून हे उत्तर मिळतं :

T = 28 + 60e^(-kt)

दहा मिनिटांनी फरक ३६ अंश उरला, म्हणजे ६० चा ०.६ पट. त्यावरून k येतो सुमारे ०.०५१ प्रति मिनिट. ५० अंशांवर फरक २२ असेल. तिथवर पोचायला सुरुवातीपासून सुमारे १९.६ मिनिटं लागतात. प्रश्नात ‘आणखी’ हा शब्द आहे, म्हणून उत्तर ९.६ मिनिटं. इथे १९.६ लिहून गुण घालवणारे पुष्कळ.

हे उत्तर तोंडीही पडताळता येतं. दर दहा मिनिटांनी फरकाचा ०.६ हिस्सा उरतो : ६०, ३६, २१.६. वीस मिनिटांनी चहा ४९.६ अंशांवर असणार, म्हणजे ५० अंश त्याच्या थोडंसं आधी. त्रैराशिकातले सहा मिनिटं इथेच खोटे पडतात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. फरकांचं गुणोत्तर घेण्याऐवजी ६४ ला थेट ८८ नं भागायचं. गणित सुरळीत सुटतं, उत्तरही पटण्यासारखं येतं, सुमारे १७.८ मिनिटं. ती पकडायची युक्ती सोपी : वेळ खूप मोठी धरून पाहा. बरोबर सूत्रात चहा २८ अंशांवर येऊन थांबतो. चुकीच्या सूत्रात तो शून्याकडे निघतो. २८ अंशांच्या खोलीत टेबलावर ठेवलेला चहा गोठतोय असं वही म्हणू लागली, की मांडणीत चूक आहे.

आता अर्थ. k हा त्या कपाचा, त्यातल्या चहाचा आणि त्या जागेचा मिळून स्वभाव आहे. कप रुंद तोंडाचा असेल, पंखा सुरू असेल तर k वाढेल. चहा जास्त असेल तर कमी होईल. इथल्या k चा अर्थ असा, की फरक निम्मा व्हायला साधारण साडेतेरा मिनिटं लागतात. ‘k बरोबर ०.०५१’ यापेक्षा हे वाक्य वाचणाऱ्याला जास्त सांगतं.

उत्तर किती नेमकं लिहावं, हाही अर्थाचाच भाग. थर्मामीटर एका अंशानं चुकला आणि ६४ ऐवजी ६५ धरले, तर १९.६ चे सुमारे २०.८ होतात. म्हणजे १९.६४१ असं तीन दशांशांपर्यंत लिहिण्याला काही आधार नाही. ‘सुमारे वीस मिनिटं’ हे जास्त प्रामाणिक.

आणि k खरंच स्थिर आहे का? त्यासाठी तिसरी नोंद हवी. समजा विसाव्या मिनिटाला ४९.६ ऐवजी ५१.५ अंश भरले. मग दुसऱ्या दहा मिनिटांचा k येतो सुमारे ०.०४३, पहिल्यापेक्षा कमी. असा k उतरत गेला, तर गणित चुकलेलं नसतं, गृहीतक तोकडं असतं. उघड्या कपातून वाफ जाते आणि प्रत्येक वाफेसोबत उष्णताही. चहा कढत असताना हे नुकसान मोठं असतं आणि तो निवत जाईल तसं तापमानाच्या फरकापेक्षाही झपाट्यानं घटतं. न्यूटनच्या साध्या सूत्रात त्याला जागा नाही. तोच चहा कपावर बशी झाकून पुन्हा मोजा. दोन्ही k आता जवळ आले, तर दोष वाफेचाच होता असं वहीत लिहायला हरकत नाही.