दिवसा उपाशी, रात्री बेभान

१९४४-४५ साली अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे निम्मंच जेवण दिलं. वजनं उतरली, ते अपेक्षितच होतं. पण स्वयंपाकाशी कधी संबंध न आलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही काहींची भूक भागेना. पोटाला तडस लागेपर्यंत ते खात राहिले. मनाने खंबीर अशी निवडून घेतलेली ही मंडळी होती, हे मुद्दाम सांगायला हवं. डाएट मोडलं की आपण स्वतःला ‘हावरट’ म्हणतो, तो आरोप इथे गळून पडतो.

समजा, बँकेत काम करणारी तिशीतली एक बाई आहे. सकाळी नुसता चहा, दुपारी मोजून एक पोळी. भाजीतलं तेलसुद्धा मोबाइलमधल्या अॅपवर नोंदवायचं. रात्री घर झोपलं की ओट्यापाशी उभ्यानेच शेव, बिस्किटं, मुलासाठी आणलेला केक, थांबता येईपर्यंत. मग शरम, आणि सकाळी निश्चय: आज काहीच खायचं नाही. तिला वाटतं, घोळ रात्रीचा आहे. खरं तर तो सकाळच्या निश्चयापासून सुरू होतो, कारण उपाशी शरीर रात्री आपली वसुली करतं.

नोंद ठेवणं वाईट नाही. मधुमेहींना ते करावंच लागतं. पण नोंद राहिली म्हणून घास घशाखाली उतरेनासा झाला, लग्नातलं जेवण टाळण्यासाठी सबबी सुरू झाल्या, एका पेढ्याची ‘भरपाई’ म्हणून रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या सुरू झाल्या, तर ती शिस्त राहिलेली नाही. आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून खाणं होत असेल आणि असे तीन महिने गेले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ त्याकडे आजार म्हणून पाहतात. अर्थात, तेवढं थांबायची गरज नाही. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा: रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, छातीत धडधड, थांबलेली पाळी यांचंही तसंच. वजन ‘नॉर्मल’ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. असे रुग्ण त्यामुळेच वर्षानुवर्षं नजरेतून सुटतात.

आधी फॅमिली डॉक्टर नाडी, रक्तदाब, रक्त आणि गरज वाटली तर ईसीजी तपासतील. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ. कुठे जावं हे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. उपचाराची सुरुवात अनेकांना उलटी वाटते. खाणं कमी करायला सांगत नाहीत, वेळेवर खायला सांगतात: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, फार अंतर पडू द्यायचं नाही. रात्री ताबा सुटला असला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खायचेच.