थ्रीडी प्रिंटरचा गोंगाट: आधी कोणता आवाज घालवायचा?

क्रिअॅलिटी कंपनीचा एंडर ३ हा थ्रीडी प्रिंटर २०१८ साली आला आणि स्वस्त असल्यामुळे जगभर घराघरांत पोचला. हाताच्या पंजाएवढी वस्तू छापायलाही त्याला सहा-सात तास लागतात, म्हणजे तो रात्रीही चालणार. फ्लॅटमध्ये तो चालतो तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना त्याची रडगाणी ऐकू येतात आणि खालच्या मजल्यावरच्यांना छतातून घरघर येते. हा गोंगाट बऱ्यापैकी कमी करता येतो. पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. महागडा शांत पंखा आणतात, बसवतात, आणि फरक काहीच कळत नाही.

त्याचं कारण आवाजाच्या बेरजेत आहे. डेसिबल नेहमीच्या आकड्यांसारखे मिळवता येत नाहीत. समजा, मोटारी आणि टेबल मिळून ५८ डेसिबल आवाज करतात आणि पंखे ५०. दोन्ही मिळून होतात साधारण साडेअठ्ठावन्न. आता पंखे पूर्ण बंद केले, तरी उरतात ५८. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला कळतच नाही. उलट मोटारी आणि टेबल ५८ वरून ३८ वर आणले, तर एकूण आवाज ५० च्या आसपास येतो. दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्यासारखी वाटते, त्यामुळे हा बदल खोलीत शिरताच जाणवतो. आणि आता पंख्यांची पाळी येते. तेही ४० वर आणले, तर सगळं मिळून ४२ होतं. मोठा आवाज आधी, लहान नंतर, हा क्रम पाळला तरच प्रत्येक रुपयाचा उपयोग होतो.

मोठा आवाज कोणता हे ओळखायला यंत्र लागत नाही. प्रिंटर नुसता चालू करा, काही छापू नका. जो आवाज येतो तो पंख्यांचा. मग पडद्यावरच्या मेनूतून हेड हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. त्या वेळी जो सूर चढतो तो मोटारींचा. आता टेबलावर तळहात ठेवा. हाताला झिणझिण्या जाणवल्या, तर टेबलही गात आहे. फोनवरचं आवाज मोजायचं अॅप खऱ्या डेसिबलसाठी भरवशाचं नसतं, पण फोन प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवला तर आधी-नंतरची तुलना करायला पुरतं.

मोटार गाते का, हे समजून घेण्यासारखं आहे. एंडर ३ मधली स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. तिच्या पुलीला २० दाते आहेत आणि पट्ट्याचे दाते दोन-दोन मिलिमीटरवर, म्हणून एका फेऱ्यात हेड ४० मिलिमीटर सरकतं. सेकंदाला ६० मिलिमीटर वेगाने छापताना मोटार सेकंदाला दीड फेरा घेते, म्हणजे ३०० पावलं. ३०० हर्ट्‌झ हा माणसाला स्वच्छ ऐकू येणारा सूर आहे. वेग बदलला की पावलांची गती बदलते आणि सूरही बदलतो. म्हणूनच वर्तुळ छापताना प्रिंटर चढउतार करत रडतो.

जुन्या बोर्डांवर मोटारीला वीज पुरवणारी ए४९८८ नावाची चिप असते. एक पाऊल सोळा भागांत तोडून ती मोटार फिरवते, पण प्रत्येक भागाला वीजप्रवाह पायरीसारखा बदलतो आणि त्या प्रत्येक पायरीचा धक्का मोटारीच्या अंगाला बसतो. हॅम्बुर्गच्या ट्रायनॅमिक कंपनीने, जी आता अॅनालॉग डिव्हाइसेसकडे आहे, यावर चांगला तोडगा काढला. तिच्या टीएमसी२२०८ आणि टीएमसी२२०९ या चिप्स आलेल्या सोळा भागांच्या मधल्या जागा स्वतः भरतात आणि पाऊल २५६ भागांत वाटतात. शिवाय त्यांच्यात ‘स्टेल्थचॉप’ नावाची पद्धत आहे. इतर पद्धतींत चिप प्रवाह क्षणोक्षणी मोजून तोडत राहते आणि त्या तोडण्यातल्या अनियमितपणाचा आवाज होतो. स्टेल्थचॉपमध्ये ती व्होल्टेजच्या नियमित स्पंदांनी प्रवाह गुळगुळीत वळवते, आणि ते स्पंद कानाच्या कक्षेबाहेर असतात. सावकाश फिरणारी मोटार जवळजवळ नि:शब्द होते.

एंडर ३ च्या पहिल्या बोर्डावर चिप्स झाळून बसवलेल्या असल्यामुळे पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. क्रिअॅलिटीचा ४.२.७ बोर्ड शांत ड्रायव्हरसह येतो, पण माझी पसंती टीएमसी२२०९ असलेल्या एसकेआर मिनी ई३ ला आहे, कारण त्यात चिपची पद्धत आणि प्रवाह दोन्ही फर्मवेअरमधून बदलता येतात. ४.२.२ बोर्डावर मात्र वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे ड्रायव्हर बसवले गेले, त्यामुळे नुसत्या नंबरवरून काही कळत नाही. तिथे कानावर विश्वास ठेवा. बदलण्याआधी प्रिंटरचा प्लग काढा, प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या आणि मगच वायर सोडवा.

मार्लिन फर्मवेअर असेल आणि चिप्स त्याच्याशी संवाद करू शकत असतील, तर आडव्या दोन मोटारींना स्टेल्थचॉप द्यायला आणि प्लास्टिक ढकलणाऱ्या एक्सट्रूडर मोटारीला त्यातून वगळायला एवढंच पुरतं:

```
M569 S1 X Y
M569 S0 E
M500
```

शेवटच्या ओळीने ही सेटिंग जपून ठेवली जाते. एक्सट्रूडर मुद्दाम वगळला आहे. ती मोटार सतत पुढे-मागे झटके मारते, आणि ‘लिनिअर अॅडव्हान्स’ ही सोय चालू असेल तर टीएमसी२२०८ स्टेल्थचॉपमध्ये मधेच थांबल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. शिवाय तिचा आवाज बाकीच्यांच्या मानाने कमी असतो.

स्टेल्थचॉपची किंमतही मोजावी लागते. मोटारीवर अचानक भार आला, तर ही पद्धत प्रवाह तितक्या चपळपणे वाढवत नाही. छापताना वस्तूची कड वर वळली आणि नॉझल तिला धडकलं, तर मोटारीची पावलं चुकतात. मग तिथून वरचे सगळे थर एका बाजूला सरकलेले दिसतात. असं वारंवार होऊ लागलं तर आधी चिपवर हीटसिंक आहे का आणि तिच्यापर्यंत हवा पोचते का ते पाहा. नंतर वेग आणि त्वरण कमी करा. तरीही थर सरकले, तर त्या अक्षाची मोटार ‘स्प्रेडसायकल’ या जास्त ताकदीच्या, थोड्या सुरेल पद्धतीवर आणा. क्लिपर फर्मवेअरचे लेखक तर अचूकतेसाठी मुळातच स्प्रेडसायकल सुचवतात. ६० मिलिमीटरच्या वेगाने फुलदाण्या आणि मोबाईलचे स्टँड छापणाऱ्या घरगुती प्रिंटरला मात्र स्टेल्थचॉप पुरेसा आहे असं मला वाटतं.

आता टेबल. तंबोऱ्याची तार नुसत्या दोन खिळ्यांना ताणली तर ती जेमतेम ऐकू येते, भोपळा लावला की घर भरतं. प्लायवूडचं पातळ टेबल हाच प्रिंटरचा भोपळा असतो. मोटारींची थरथर फ्रेममधून पायांत आणि पायांतून टेबलात उतरते, आणि एवढा मोठा पृष्ठभाग हवा हलवू लागतो. म्हणून लोक प्रिंटरखाली रबराचे किंवा स्क्वॉशच्या चेंडूंचे मऊ पाय लावतात. कंपन अडतं खरं, पण इथे एक अडचण येते.

मऊ आधारावर ठेवलेली वस्तू स्वतःच्या एका ठराविक गतीने डुलते. आधार तिच्या वजनाने किती मिलिमीटर दबला हे मोजलं, तर ती गती काढता येते: दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. चार मिलिमीटर दबला तर उत्तर जवळपास ८ हर्ट्‌झ. त्याच्याहून पुष्कळ वरची कंपनं, जसा आपला ३०० हर्ट्‌झचा सूर, आधारातून फारशी पार जात नाहीत. पण ८ हर्ट्‌झच्या आसपासची उलट वाढतात. आणि वस्तूच्या पोटात जाळी भरताना पाच मिलिमीटरच्या छोट्या रेषा ६० मिलिमीटर वेगाने पुढे-मागे काढल्या, तर सेकंदाला सहा हेलकावे होतात. सात-आठ किलोचा हलका प्रिंटर मऊ पायांवर अशा वेळी होडीसारखा झुलतो.

उपाय स्वस्त आणि आपल्या गावातला आहे: कडप्पा किंवा शहाबादी फरशी. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि चार सेंटिमीटर जाड फरशी जवळजवळ २२ किलो भरते. खाली जाड फोम, त्यावर फरशी, आणि फरशीवर प्रिंटर आपल्या मूळच्या कडक पायांवर. आता हलणारं वजन तेच, पण त्याच्यामागे ३० किलोचं ओझं, त्यामुळे झुलणं साधारण पावपट होतं. फोम निवडताना त्यावर सगळं ठेवून बघा: तो स्पष्ट दबलेला दिसला पाहिजे, पण पार चपटा होता कामा नये. चपटा झालेला फोम लाकडासारखाच कंपनं पुढे पाठवतो. टेबल ३० किलो पेलेल की नाही हे आधी बघा, आणि तुमच्या मॉडेलची हवा खालून ओढली जात असेल तर तिची वाट मोकळी ठेवा.

एवढं झालं की खोलीत पंख्यांची सूं-सूं उरते. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलने घटतो. म्हणून छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा. बोर्डासाठी हे सोपं आहे: नवं झाकण छापायचं आणि ४० मिलिमीटरच्या जागी ८० मिलिमीटरचा पंखा बसवायचा. पात्यांना अगदी चिकटून जाळी नको, हवा तिथे अडखळून शिट्टी मारते.

हॉटएंडवर जागाच ४० मिलिमीटरची. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए४एक्स१० हा पंखा तिथे लोकप्रिय आहे, आणि कंपनी त्याचा आवाज १७.९ डेसिबल सांगते. तो १२ व्होल्टवर चालतो आणि एंडर ३ ची वीज २४ व्होल्टची. थेट जोडला तर जळेल. मधे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि पंखा जोडण्याआधी मल्टिमीटरने त्याचं आउटपुट १२ व्होल्टवर आणावं लागतं. हा कन्व्हर्टर सतत चालणाऱ्या पुरवठ्यावरच लावायचा. वस्तूवर हवा मारणाऱ्या पंख्याचा वेग बोर्ड चालू-बंद स्पंदांनी बदलतो, तिथे तो नीट चालत नाही. त्या पंख्याला मी हात लावत नाही, कारण पीएलएच्या लोंबणाऱ्या कडा त्याच्याच हवेने सावरतात. पॉवर सप्लायचा पंखा बदलायलाही घरी बसून उघडू नये. आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते.

हॉटएंडचा शांत पंखा हवा कमी देतो, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. वरच्या थंड भागापर्यंत उष्णता चढली की प्लास्टिक तिथेच मऊ होऊन फुगतं आणि अडकतं. पहिला अर्धा तास छपाई सुरेख होते, मग एक्सट्रूडर टक-टक करू लागतो आणि थर विरळ पडतात. म्हणून पंखा बदलल्यावर पहिली परीक्षा तीन-चार तासांच्या पीएलए छपाईची घ्यावी, तीही उन्हाळ्याच्या दुपारी, आणि सोबत मागे ओढण्याच्या हालचाली भरपूर असलेली वस्तू निवडावी. टक-टक ऐकू आली, तर हॉटएंडवर मूळचा पंखा परत बसवावा आणि शांतता बोर्डाच्या पंख्यातून मिळवावी.