बॅनरवरचा फोटो फाटणार की नाही? प्रिंटआधीच ओळखा

फ्लेक्सचं काम सुरू केलं की पहिली ऑर्डर बहुतेक वाढदिवसाच्या बॅनरची येते. ग्राहक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो आणि म्हणतो, "१० बाय ६ चा करा." फोटो फाटला तर ६० चौरस फूट फ्लेक्स वाया जातो आणि दुसरी प्रिंट बहुधा तुमच्याच खिशातून निघते.

यावर बरेच जण ३०० डीपीआयची फाईल बनवतात. पण ३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या छपाईसाठी आहे. १० बाय ६ फुटांची फाईल ३०० वर केली तर ती ३६,००० बाय २१,६०० पिक्सेलची होते. कॉम्प्युटर रडतो आणि फायदा काहीच नाही.

बॅनर लोक किती लांबून बघणार, हे आधी विचारा. मग सोपा हिशोब करा: ३०० ला त्या अंतराच्या फुटांनी भागा. चौकातला बॅनर १५ फुटांवरून दिसणार असेल, तर ३०० भागिले १५ म्हणजे २०. एका इंचात निदान २० पिक्सेल हवेत, कारण त्याहून बारीक तपशील एवढ्या लांबून साध्या डोळ्याला वेगळा दिसत नाही. दुप्पट, म्हणजे ४० मिळाले तर निर्धास्त राहा.

आता फोटो मोजा. समजा बॅनरवर माणूस डोक्यापासून छातीपर्यंत ४ फूट, म्हणजे ४८ इंच उंच हवा आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो १६०० पिक्सेल उंच आहे, पण आजूबाजूचं कापल्यावर माणूस उरतो १००० पिक्सेलचा. १००० भागिले ४८ म्हणजे साधारण २१. जेमतेम पास! तोच फोटो ग्राहकाने डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि मूळ फाईल ४००० पिक्सेल उंच निघाली, तर माणूस २५०० पिक्सेलचा मिळतो. म्हणजे इंचाला ५२. काम झालं.

लक्षात ठेवा, मोजायचं ते कापल्यानंतर उरलेल्या माणसाचं, पूर्ण फोटोचं नाही. आणि फोटोशॉपच्या `Image Size` मध्ये `Resample` चालू ठेवून आकडा वाढवला, तर पिक्सेल वाढतात, पण डोळ्यांच्या पापण्या काही नव्याने येत नाहीत.

पिक्सेल पुरेसे असूनही फोटो हललेला किंवा चौकोनी डागांचा असू शकतो. म्हणून शेवटची परीक्षा अशी: डोळे आणि नाकाचा भाग बॅनरवर येणार त्याच मापात ए-फोर कागदावर छापा, भिंतीला लावा आणि १५ फूट मागे जा. तिथून डोळे स्वच्छ दिसले तर प्रिंटला सोडा. नाही दिसले तर मूळ फोटो मागवा. तोही नसेल तर माणूस ४ फुटांऐवजी अडीच फुटांचा करा आणि उरलेल्या जागेत नाव मोठं टाका. अक्षरं व्हेक्टरमध्ये असतील तर ती कितीही वाढवली तरी फाटत नाहीत.