शिकवण्याचा अनुभव तुटपुंजा, पान मात्र भरायचं

रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला अमेरिकेत जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च टीचिंग असिस्टंटशिपवर भागतो. फी माफ होते, दरमहा विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात आठवड्याला साधारण वीस तासांपर्यंत काम करावं लागतं: पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा सांभाळायची, त्यांचे रिपोर्ट तपासायचे, अडलेल्यांसाठी ठरलेल्या वेळी बसायचं. काही ठिकाणी या कामासाठी ‘टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट’ मागतात, म्हणजे आपण कसं आणि का शिकवतो याचं एक-दोन पानी निवेदन.

पुण्या-मुंबईतून नुकतीच एम.एस्सी. झालेली मुलं इथे अडतात. वर्गापुढे कधी उभंच राहिलो नाही, तर लिहायचं काय? मग शिक्षणाचं महत्त्व, शिकवण्याची आवड, विद्यार्थी हाच केंद्रबिंदू अशा वाक्यांनी पान भरतं. ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कोणाच्याही अर्जात चालतील. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. ‘रसायनशास्त्र’ खोडून तिथे ‘इतिहास’ लिहावं. तरीही परिच्छेद जसाच्या तसा चालत असेल, तर त्यात अर्जदार कुठेच नाही.

मिशिगन विद्यापीठाच्या अध्यापन केंद्रातले ओ'नील, माइझलिश आणि कॅप्लन यांनी २००७ साली अशा निवेदनांवर एक पुस्तिका लिहिली. प्राध्यापकांची निवड करणाऱ्या समित्यांच्या प्रमुखांना निवेदनात काय भावतं, हे त्यांनी विचारलं होतं. विचारांसोबत प्रत्यक्ष कृतीचा पुरावा हवा, हे त्यातलं एक ठळक उत्तर. ती पाहणी प्राध्यापकपदासाठीची असली, तरी नवख्या अर्जदारालाही तीच दिशा उपयोगी पडते. आधी प्रसंग शोधावा, तत्त्व त्यातून काढावं. उलट क्रमाने लिहिलं की पान पोकळ होतं.

समजा, एका विद्यार्थिनीने एम.एस्सी. करताना काही आठवडे एफ.वाय.च्या मुलांना प्रॅक्टिकलमध्ये मदत केली. अनुभव एवढाच. प्रयोग टायट्रेशनचा: फ्लास्कमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, इंडिकेटर म्हणून फिनॉल्फ्थॅलीन. रंग फिकट गुलाबी व्हायला हवा, पण मुलांचा फ्लास्क दर वेळी गडद गुलाबी व्हायचा. जर्नलमध्ये मात्र तिन्ही रीडिंग नेमकी सारखी! मुलं एक रीडिंग घेऊन उरलेली दोन त्यावर बेतत होती.

‘हळू सोडा’ एवढं सांगून ती थांबू शकली असती. तिने त्यांना आकडे मांडायला लावले. दोन्ही द्रावणं ०.१ मोलर आणि आम्ल २५ मिलिलिटर असेल, तर २४.९५ मिलिलिटर अल्कली पडल्यावर पीएच साधारण ४ असतो आणि २५.०५ला १० होतो. मधलं अंतर फक्त ०.१ मिलिलिटरचं, म्हणजे जेमतेम दोन थेंबांचं. मुलांनी आलेख काढला आणि शेवटी थेंब-थेंब का सोडायचा, हे त्यांचं त्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात काहींच्या जर्नलमध्ये ०.१ने वेगळी पडणारी रीडिंग आली, आणि तिने ती तशीच ठेवायला सांगितली.

निवेदनाचा गाभा इथेच आहे. मुलं कुठे अडली, तिने काय केलं, ते लागू पडलं हे कशावरून कळलं, हे तीन दुवे सात-आठ वाक्यांत मावतात. त्यानंतर तिने लिहावं, की चुकीच्या रीडिंगमागे बहुधा आळसापेक्षा न समजलेलं कारण असतं, म्हणून ती आधी कारण शोधते. आता हे वाक्य तिचं झालं. ‘इतिहास’ घातला तर ते टिकणार नाही.

तिला मोह होईल तो प्रसंग फुगवण्याचा. चार मुलांना केलेली मदत ‘वर्ग घेतला’ अशी लिहू नये. मुलाखतीत पुढचाच प्रश्न हजेरी, गुणदान आणि अभ्यासक्रमाचा येतो. जे घडलं ते भूतकाळात आणि जे करायचं आहे ते भविष्यकाळात लिहावं, दोन्हींची सरमिसळ करू नये. मुलांची नावंही घालू नयेत.

भविष्याचा परिच्छेद लिहिण्याआधी त्या विभागाचं काम नीट वाचावं. वीसेक मुलांच्या प्रयोगशाळेत असिस्टंट सुरुवातीला थोडा वेळ प्रयोग समजावतो आणि नंतर टेबलांमधून फिरतो. म्हणून ‘पहिल्या दहा मिनिटांत मुलांकडून अंदाजे एंड पॉइंट काढून घेईन, फिरताना रीडिंगआधी तो अंदाज विचारेन’ असं लिहिलं तर समितीला काम दिसतं. आणि उणीवही सांगावी: रिपोर्टला गुण देण्याचा अनुभव नाही, म्हणून पहिले काही रिपोर्ट जुन्या असिस्टंटसोबत तपासून दोघांच्या गुणांतला फरक पाहायचा आहे. इतक्या मजकुराला एक पान पुरतं.